पडद्यावर न आलेले ९,९९३

माझा भाचा पुण्यात व्हिडिओ एडिटिंग करतो. परदेशी स्ट्रीमर आठ-आठ तास ऑनलाइन स्लॉट खेळतात, त्या रेकॉर्डिंगमधून तीस-चाळीस सेकंदांच्या क्लिपा कापून द्यायच्या, हे त्याचं सध्याचं मुख्य काम. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत तो आमच्याकडे राहायला होता आणि एका दुपारी या विषयावरून आमचा चांगलाच वाद झाला. तो इथे देते आहे. त्याची बाजू मी मुद्दाम लंगडी केलेली नाही. असे व्हिडिओ बघणारी बहुतेक मुलं नेमकं त्याच्यासारखंच बोलतात, आणि त्यांच्या बोलण्यात बरंचसं खरंही असतं.

तो : मावशी, तू या सगळ्याला फसवणूक म्हणतेस, पण हे लाइव्ह चालतं गं. हजारो लोक एकाच वेळी बघत असतात. स्पिन फिरते, आकडा येतो, बॅलन्स वाढतो किंवा घटतो. लाइव्हमध्ये खोटं दाखवायला वाव कुठे आहे?

मी : खोटं दाखवतात असं मी म्हणतच नाही. आपण असं धरू की खेळ सचोटीचा आहे, स्पिनमध्ये कसलीही गडबड नाही आणि तुझा स्ट्रीमर एक शब्दही खोटा बोलत नाही. तरीसुद्धा ते बघून, आपण खेळलो तर आपल्या वाट्याला काय येईल, याचा अंदाज बांधलास तर तो चुकणार.

तो : सगळं खरं असून चुकणार?

मी : हो. कागद घे. स्लॉटचं गणित आतून दिसत नाही, म्हणून आधी सोपा खेळ घेऊ. एव्हिएटर तुला माहीत आहे.

तो : सगळ्यांनाच माहीत आहे. विमान वर जातं, सोबत गुणक वाढत जातो. विमान पळून जायच्या आत पैसे काढले तर तेवढे पट मिळतात, नाहीतर लावलेले गेले.

मी : त्याचा परतावा कंपनी स्वतःच ९७ टक्के सांगते. म्हणजे लोकांनी लावलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले सरासरी ९७ लोकांकडे परत जातात, तीन कंपनीकडे राहतात. यावरून हेही कळतं की विमान दुपटीपर्यंत पोचण्याची शक्यता ९७ भागिले दोन, म्हणजे साडेअठ्ठेचाळीस टक्के आहे. आता समज, दहा हजार जण प्रत्येकी हजार रुपये घेऊन बसले. प्रत्येक जण दुप्पट झाले की पैसे काढतो आणि सगळे पुढच्या डावावर लावतो. असे दहा डाव.

तो : पहिल्या डावानंतर ४,८५० उरतील.

मी : दुसऱ्यानंतर साधारण २,३५२. तिसऱ्यानंतर १,१४१. पाचव्यानंतर २६८, सातव्यानंतर ६३. आणि दहाव्यानंतर?

तो : (मोबाइलवर गुणाकार करून) सात. जेमतेम सात.

मी : त्या सात जणांकडे प्रत्येकी १० लाख २४ हजार रुपये आहेत. हजाराचे दहा लाख, तेही पाच-दहा मिनिटांत. प्रत्येकाकडे स्क्रीन रेकॉर्डिंग आहे, सलग, एकही कट नसलेलं. कुठल्याही तज्ज्ञाला तपासायला दे, तो ते अस्सलच ठरवेल. उरलेल्या ९,९९३ जणांकडेही रेकॉर्डिंग असू शकतं. सांग, ते कोण टाकतं? आणि टाकलं तरी तू त्याची क्लिप कापशील का?

तो : नाही. त्यात दाखवण्यासारखं काय असतं? पहिल्याच डावात हजार गेले, संपलं.

मी : यालाच आमच्या विषयात सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. जे तरले तेवढेच मोजले जातात, बुडालेले मोजायला समोरच नसतात. तुझ्या फोनवर सात व्हिडिओ येतात आणि सातही खरे असतात. पण दहा हजारांतले सात आहेत की दहांतले सात, हे त्या व्हिडिओंतून कधीच कळत नाही. छेद दिसत नाही, फक्त अंश दिसतो.

तो : ठीक आहे. पण सगळे पैसे दहा वेळा लावणारा माणूस तू मुद्दाम निवडलास. लोक थोडे थोडे लावतात.

मी : थोडे लावले की पैसे जास्त वेळ टिकतात, आणि तेच पैसे पुन्हा पुन्हा फिरतात. आता या सातांकडेच बघ. दहा हजार जणांनी मिळून एक कोटी आणले होते. सात जणांकडे मिळून साधारण ७२ लाख आहेत. बाकीचे कुठे गेले?

तो : कंपनीकडे. पण तू तर तीन टक्के म्हणाली होतीस.

मी : तीन टक्के प्रत्येक डावाला. जिंकलेले पैसे पुढच्या डावाला उतरले की त्यातून पुन्हा तीन टक्के कापले जातात. दहा डावांत शंभराचे सरासरी ७४ उरतात. कंपनीचा वाटा नसता तर दहा हजारांतून शेवटी दहा जण उरले असते. सात उरले, कारण तिघांचे पैसे त्या वाट्यात गेले. थोडे थोडे लावून रात्रभर खेळणारा माणूस आपले पाच हजार कदाचित वीस वेळा फिरवतो. म्हणजे त्याने एक लाख लावले, आणि एक लाखाचे तीन टक्के म्हणजे तीन हजार. आणलेल्या पाचातले तीन. ९७ टक्के परतावा असं वाचून त्याला वाटलेलं असतं की फार तर दीडशे रुपये जातील.

हे त्याने मान्य केलं. पण इथपर्यंतचं उत्तर माझ्या दृष्टीनेही अर्धंच होतं, आणि तो पुढे जे म्हणाला ते मला अपेक्षित होतं.

तो : हे सगळं सुट्या क्लिपांना लागू आहे. पण मी तर पूर्ण स्ट्रीम बघतो, पगारच त्याचा मिळतो मला. आमचा स्ट्रीमर हरतोसुद्धा, तेही लपवून नाही. एका तासात दोन लाख डॉलर गेलेले मी बघितलेत. त्याचा बॅलन्स शून्यावर येतो, तो शिव्या घालतो, टेबलावर हात आपटतो. मग फक्त तरलेलेच दिसतात, हे कुठे राहिलं?

मी : शून्यावर आल्यावर पुढे काय होतं?

तो : पुन्हा भरतो.

मी : कुठून?

तो : त्याच्याकडे पैसे आहेत. तो श्रीमंत आहे.

मी : कशाने झाला श्रीमंत? एक उदाहरण घे. ऑक्टोबर २०२२ मध्ये टायलर निकनॅमने, ज्याला तुम्ही ट्रेनरेक्स म्हणता, स्वतःच्या स्ट्रीमवर सांगितलं की स्टेक या जुगाराच्या साइटकडून त्याला सोळा महिन्यांत ३६ कोटी डॉलर मिळाले. त्या वेळच्या दराने साधारण तीन हजार कोटी रुपये. महिन्याला सव्वादोन कोटी डॉलर झाले. आता स्लॉटमध्ये सरासरी चार टक्के जातात असं धर. महिन्याला किती डॉलरचे डाव लावले म्हणजे ही कमाई संपेल?

तो : सव्वादोन कोटी भागिले चार टक्के... छप्पन्न कोटी डॉलर.

मी : म्हणजे महिन्याला छप्पन्न कोटी डॉलरचे डाव लावेपर्यंत सरासरीने त्याच्या खिशातून काहीच जात नाही. सामान्य माणसाचा खेळ पैसे संपले की संपतो. बुडणं म्हणजे तेच. स्ट्रीमरच्या बाबतीत नेमका तोच क्षण पुसला जातो. तो हरताना दिसतो, पण बुडताना कधी दिसत नाही. तुझ्या स्ट्रीमचा खरा शेवट पहिल्यांदा बॅलन्स शून्यावर आला तिथेच व्हायला हवा होता. त्याच्या पुढचा प्रत्येक तास, आणि त्या तासांत आलेला प्रत्येक मोठा विजय, प्रायोजकाच्या पैशाने विकत घेतलेला आहे.

तो : पण त्याने काय बिघडलं? पैसे कुणाचेही असोत, स्पिनला काय माहीत? शक्यता तर तीच राहते.

हा त्याचा सगळ्यात चांगला प्रश्न होता. यावर मी घाईने उत्तर दिलं असतं तर माझं म्हणणंच कोसळलं असतं, कारण तो म्हणतो ते अगदी बरोबर आहे. एका स्पिनची शक्यता पैशाच्या मालकावरून बदलत नाही.

मी : एका स्पिनची तीच राहते. बदलते ती स्पिनांची संख्या. समज, एका स्लॉटमध्ये लावलेल्याच्या ५,००० पट देणारा मोठा विजय आहे आणि तो पन्नास हजार स्पिनांत सरासरी एकदा येतो. आकडे मी हिशेबासाठी घेतलेत. परतावा ९६ टक्के. तुझा स्ट्रीमर तासाला किती स्पिन फिरवतो?

तो : टर्बोवर असला तर तीन सेकंदांना एक. बाराशे धर.

मी : आठ तासांचे ९,६००, महिन्यात वीस दिवसांचे १ लाख ९२ हजार. म्हणजे महिन्याला सरासरी तीन-चार वेळा त्याला तो मोठा विजय मिळणार. नशीब म्हणून नव्हे, नुसत्या संख्येच्या जोरावर. नियमित बघणाऱ्या मुलाच्या डोक्यात काय बसतं? 'हा विजय येतो. थोडं थांबावं लागतं, पण येतो.' आता तो मुलगा रोज संध्याकाळी शंभर-शंभर रुपयांच्या दोनशे स्पिन खेळला, तर पन्नास हजारांपर्यंत पोचायला त्याला अडीचशे संध्याकाळी लागतील. वीस हजार रुपयांचे डाव रोज. पन्नास लाखांचे डाव एकूण.

तो : आणि परतावा ९६ म्हणजे दोन लाख जातील. पण शेवटी विजय मिळेल ना पाच लाखांचा.

मी : थांब, इथेच सगळे फसतात. ९६ टक्क्यांत तो विजय आधीच धरलेला आहे. पन्नास हजारांत एकदा पाच हजार पट, म्हणजे दर स्पिनला सरासरी दहा टक्के झाले. शहाण्णवातले दहा टक्के त्या एकाच घटनेत बसलेले आहेत. ती ज्याच्या वाट्याला आली नाही, त्याच्यासाठी परतावा ८६ आहे. त्याचे शंभरातले चार जात नाहीत, चौदा जातात. पन्नास लाखांवर सात लाख. आणि सात लाख घालवल्यावर विजय आला तर मिळणार पाच. शिवाय पन्नास हजार ही सरासरी आहे. इतक्या स्पिन फिरवूनही तो विजय एकदाही न मिळालेले लोक शंभरात छत्तीस-सदतीस असतात.

तो : म्हणजे मशीनवर लिहिलेला परतावा खरा अनुभवायला मिळतो तो फक्त...

मी : ज्याच्या मागे न संपणारा बॅलन्स आहे त्याला. ज्या स्लॉटमध्ये परताव्याचा मोठा भाग अशा दुर्मीळ विजयांत कोंबलेला असतो, तेच स्लॉट स्ट्रीमवर जास्त खेळले जातात, कारण बघायला तेच थरारक असतात. बघणाऱ्याच्या खिशाला मात्र तेच सगळ्यात लवकर रिकामं करतात.

त्याने थोडा वेळ आकड्यांवर बोट फिरवलं. मग मी त्याला त्याच्याच कामाबद्दल विचारलं, कारण त्या बाबतीत जाणकार तो आहे.

मी : क्लिप नेमकी कुठून सुरू करतोस?

तो : बोनस सुरू झाल्यापासून. त्याच्या आधीचं कुणी बघत नाही. पहिल्या दोन सेकंदांत काही घडलं नाही तर माणूस पुढे सरकतो.

मी : आणि बोनस कसा सुरू होतो?

तो : बऱ्याचदा विकत घेतो तो. गेट्स ऑफ ऑलिंपससारख्या स्लॉटमध्ये लावलेल्याच्या शंभर पट मोजले की फ्री स्पिन लगेच सुरू होतात. तो स्पिनला हजार डॉलर लावतो, म्हणजे बोनस एक लाखाला पडतो.

मी : म्हणजे एक लाख भरल्याचं बटण तू कापतोस.

तो : ...ते मी लपवण्यासाठी कापत नाही गं. लांबी कमी करायची असते.

मी : मला माहीत आहे. पण त्या बोनसमध्ये साठ हजार डॉलर मिळाले, तर पडद्यावर काय येतं?

तो : सोनेरी नाणी उडतात, मोठ्ठं अक्षर येतं, साठ हजारांचा आकडा फिरत फिरत वर जातो. तो खुर्चीतून उठतो. मी थंबनेलवर तोच आकडा टाकतो.

मी : त्या व्यवहारात चाळीस हजारांचा तोटा झालेला आहे.

तो : हो. पण त्या क्लिपला सहा लाख व्ह्यूज आले होते.

मी : आणि आणखी एक. आकडा डॉलरमध्ये न वाचता पटीत वाचत जा. एक बघणारा म्हणतो, त्याला पाच लाख डॉलर लागले. ते हजार डॉलरच्या स्पिनवर पाचशे पट आहेत. तेच पाचशे पट वीस रुपयांच्या स्पिनवर आले तर दहा हजार रुपये होतात. डोळे दिपवतं ते नशीब नव्हेच, लावलेली रक्कम दिपवते, आणि ती रक्कम प्रायोजकाची असते. चार कोटी रुपये जिंकल्याचं दृश्य तयार करायला हजार डॉलरची स्पिन पुरेशी आहे. वीस रुपयेवाल्याला तेवढं दृश्य मिळायला वीस लाख पट लागतील, आणि तेवढे पट तो स्लॉट देतच नाही. गेट्स ऑफ ऑलिंपसची कमाल मर्यादाच पाच हजार पट आहे.

तो : हे मान्य. पण क्रिप्टो साइटवरच्या बऱ्याच खेळांत प्रोव्हेबली फेअर असतं. डावाच्या आधी सर्व्हरच्या बीजाचा हॅश दाखवतात, नंतर बीज उघड करतात. कुणीही पडताळून बघावं की निकाल मागाहून बदललेला नाही. बँकेतसुद्धा एवढी पारदर्शकता नसते.

मी : ती पडताळणी खरी आहे आणि उपयोगीही आहे. पण ती एकाच प्रश्नाचं उत्तर देते, की हा निकाल डाव लावल्यानंतर बदलला का. पैसे कुणी भरले, ते काढता येतात का, आज किती वेळा भरले, खेळणाऱ्याला पुढचे निकाल आधीच माहीत होते का, यातलं काहीच त्यातून कळत नाही. शेवटचा प्रश्न कल्पनेतला नाही. २०१६ मध्ये काउंटर स्ट्राइकच्या स्किन्सवर जुगार चालवणाऱ्या सीएसजीओ डायमंड्स या साइटने स्वतःच जाहीर केलं होतं की त्यांनी प्रायोजित केलेल्या एका स्ट्रीमरला पुढचे निकाल आधी सांगितले जात होते. सर्व्हरचं बीज ज्याच्याकडे आहे त्याला निकाल आधी ठाऊक असतोच. तो त्याने स्ट्रीमरला सांगितला, तर तुझी पडताळणी सगळं ठीक असल्याचंच दाखवेल.

तो : एक प्रकरण.

मी : दुसरंही आहे, त्याच वर्षातलं. ट्रेव्हर मार्टिन आणि थॉमस कॅसेल या दोन प्रसिद्ध यूट्यूबरांनी सीएसजीओ लोटो नावाच्या साइटवर हजारो डॉलर जिंकल्याचे व्हिडिओ टाकले. साइट त्यांच्याच मालकीची होती, हे प्रेक्षकांना सांगितलं नव्हतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये तडजोड झाली. त्या तक्रारीत असंही आहे की इतर इन्फ्लुएन्सरांना त्यांनी अडीच हजार ते पंचावन्न हजार डॉलर दिले होते, आणि साइटची बदनामी होईल असं काही बोलायचं नाही अशी करारात अट होती. माझ्या मते ती अट निकाल आधी सांगण्यापेक्षा जास्त महत्त्वाची आहे.

तो : का? ती तर सगळ्याच जाहिरातींच्या करारात असते.

मी : म्हणूनच. निकाल फोडणं हा उघड गुन्हा आहे, क्वचित घडतो आणि सापडला की बोभाटा होतो. आपला वाद त्यावर उभा राहिला, तर उद्या कुणी म्हणेल, आमची साइट स्वच्छ आहे, मग हरकत काय? माझं म्हणणं स्वच्छ साइटबद्दलच आहे. तिथे काहीही फिरवावं लागत नाही. फक्त बॅलन्स भरत राहायचा, बोलण्यावर बंधन घालायचं आणि क्लिपा पसरू द्यायच्या. उरलेलं काम शक्यताच करते.

तो : ट्विचने तर जुगाराच्या स्ट्रीमवर बंदी घातली होती ना?

मी : काही साइटांवर. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी रेफरल कोड आणि लिंक बंद केल्या, १८ ऑक्टोबर २०२२ पासून स्टेक, रूबेट, रोलबिट, ड्युएलबिट्स अशा साइटांचे स्लॉट आणि रुलेट दाखवायला मनाई केली. दोन महिन्यांत किक हा दुसरा स्ट्रीमिंग प्लॅटफॉर्म सुरू झाला, आणि त्याच्या मागे स्टेकच्याच संस्थापकांचा पैसा होता. आता मैदानही प्रायोजकाचं झालं.

यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने फोन पुढे केला. त्याला स्वतःला एक प्रस्ताव आला होता. कुठल्या साइटकडून, ते महत्त्वाचं नाही. असे मेसेज आपल्याकडच्या छोट्या चॅनलवाल्यांना येत असतात. मराठीत बोलणारा, पंचवीस-तीस हजार फॉलोअर असलेला तरुण त्यांना हवा असतो, कारण त्याच्या गावाकडची आणि कॉलेजची मुलं त्याचं ऐकतात.

तो : मी हो म्हटलेलं नाही. पण तू म्हणतेस तसं यात कुणाला लुबाडणं नाही. खात्यात पन्नास हजारांचा बॅलन्स ते भरणार. मी खेळायचं, रोज दोन रील टाकायच्या, खाली माझा कोड. माझा एक रुपया जात नाही.

मी : तो बॅलन्स काढता येतो?

तो : नाही, फक्त खेळायला. जिंकले तरी तिथेच राहतात. ज्याला ते फिल म्हणतात तसं.

मी : मग तुझ्यासाठी ते पैसे नाहीतच, नुसते आकडे आहेत. तू एका डावावर वीस हजार लावशील, कारण गमावण्यासारखं काही नाही. तो धीटपणा बघून एखादा मुलगा दोन हजार लावेल, आणि ते त्याच्या मेसचे असतील. आता तुझ्या रीलवर 'पेड पार्टनरशिप' असं लिहिलंस, तरी बॅलन्स काढता येत नाही हे कुठे लिहिणार आहेस?

तो : तसं कुणीच लिहीत नाही.

मी : म्हणूनच बघणाऱ्याने ते शोधायला शिकलं पाहिजे. बॅलन्स कधी बघू नये. आजवर एकूण किती भरले आणि किती बँकेत काढले, हे दोनच आकडे मागावेत. स्ट्रीमर अभिमानाने एकूण लावलेली रक्कम दाखवतात. ती उलाढाल आहे, नफ्यातोट्याशी तिचा संबंध नाही. ठेवींचा इतिहास उघडून दाखवणारा तुला दिसला आहे का?

तो : इतक्या रेकॉर्डिंगमध्ये एकदाही नाही. ते पान आलं की कॅमेरा मोठा करतात किंवा दुसरा सीन लावतात. मला वाटायचं, खात्याची माहिती फुटू नये म्हणून.

मी : तेही कारण असेल. आणि कायद्याचं बोलायचं तर आपल्याकडे २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात करणाऱ्यालाच दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. साइट परदेशात राहील, तू पुण्यात असशील. पण ते बाजूला ठेव. तुला पैसे कशाचे मिळणार आहेत?

तो : माझ्या कोडवरून आलेल्यांच्या नेट रेव्हेन्यूच्या तीस टक्के.

मी : नेट रेव्हेन्यू म्हणजे?

तो : साइटला त्यांच्याकडून जे उरतं ते.

मी : म्हणजे त्यांचा तोटा. तुझ्या कोडवरून चाळीस मुलं आली आणि महिन्यात सगळी मिळून दोन लाख हरली, तर तुला साठ हजार. मोठा विजय दाखवून जमवलेल्या लोकांच्या हरण्यावर पगार. आता खालचं कलम वाच, शिल्लक पुढे ओढण्याबद्दलचं.

तो : (वाचत) 'निगेटिव्ह बॅलन्स पुढच्या महिन्यात ओढला जाईल...' हे मला कळलं नव्हतं.

मी : समज, पुढच्या महिन्यात त्या चाळीसांपैकी एकाला खरंच पाच लाख लागले आणि बाकीचे मिळून एक लाख हरले. साइटचं नेट किती?

तो : वजा चार लाख.

मी : तुझे तीस टक्के?

तो : वजा एक लाख वीस हजार. म्हणजे बाकीची मुलं आणखी चार लाख हरेपर्यंत मला काहीच मिळणार नाही.

मी : तुझ्यामुळे आलेला मुलगा जिंकला, हे तुझ्यासाठी त्या महिन्यातलं सगळ्यात मोठं नुकसान.

तो : आणि ते मला त्याचीच रील टाकायला सांगतील.

मी : हो, कारण ते वजा चार लाख त्या रीलवरून येणारी पुढची चारशे मुलं भरून काढतील.